नकार मोजू नका, ‘ची’ आणि ‘ने’ गाळू नका

तळवली, घणसोली, रबाळे या आपल्या पट्ट्यात इटालियन भाषेचं कुणाचं काय अडलंय, असं सहज वाटेल. पण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला टीटीसीच्या गाळ्यांमधून फिरलात तर बोलोन्या नि मोदेनाकडची नावं कोरलेली मशीन दिसतील. पॅकिंगची, बाटल्या भरण्याची, टाइल्सची. त्या मशीनचे सुटे भाग मागवायचे तर पत्रव्यवहार करावा लागतो. पुष्कळदा तो इंग्रजीत होतो, पण पलीकडचा माणूस घाईत असला की ईमेल सरळ इटालियनमध्ये येतो, आणि मग स्टोअरमधला कुणीतरी शब्दकोश घेऊन बसतो. याशिवाय मिलानला शिकायला गेलेली मुलं आहेत, त्यांच्या घरमालकांची पत्रं आहेत, आणि हौसेनं इटालियन शिकणारे तर आहेतच. या सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे.

इटालियन मजकुराचं मराठी करताना मोठे शब्द फारसे दगा देत नाहीत. ते शब्दकोशात सापडतात. दगा देतात ते दोन-दोन अक्षरांचे शब्द, ‘ची’ आणि ‘ने’, आणि एका वाक्यात दोनदा-तीनदा येणारा नकार. गंमत अशी की हे दोन्ही सर्वनामवजा शब्द मराठी प्रत्ययांसारखेच दिसतात, आणि कामही थोडंफार प्रत्ययांचंच करतात. पण शब्दकोशात ‘ने’ काढलात तर हाती नेमकं काही लागत नाही, म्हणून माणूस तो शब्द सोडून पुढे जातो. नेमकं तिथेच वाक्य बिघडतं.

आधी नकाराचं बघू, कारण तिथे आपण मराठी माणसं उगाच घाबरतो.

इटालियनमध्ये ‘नॉन’ म्हणजे नाही आणि ‘नेस्सुनो’ म्हणजे कोणीही नाही. ‘नॉन ओ विस्तो नेस्सुनो’ याचा शब्दशः हिशेब केला तर ‘मी कोणीही नाही याला पाहिलं नाही’ असं काहीतरी होतं. इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस लगेच गणित मांडतो की दोन नकार म्हणजे एक होकार, तेव्हा याचा अर्थ ‘मी कुणाला तरी पाहिलं’. साफ चूक. अर्थ एवढाच आहे की ‘मी कुणालाच पाहिलं नाही’. इटालियनमध्ये क्रियापदाच्या नंतर ‘नेस्सुनो’, ‘निएन्ते’ (काहीही नाही) किंवा ‘माइ’ (कधीही नाही) आला की आधी ‘नॉन’ घालावाच लागतो. तो दुसरा नकार नव्हे, तोच नकार दोन ठिकाणी दिसतो. नकारी शब्द क्रियापदाच्या आधी आला तर ‘नॉन’ लागत नाही. ‘नेस्सुनो ए वेनूतो’ म्हणजेही ‘कुणीच आलं नाही’ आणि ‘नॉन ए वेनूतो नेस्सुनो’ म्हणजेही तेच. अर्थ एक, फक्त जोर कुठे आहे ते बदलतं. मराठीत ‘कुणीच आलं नाही’ आणि ‘आलंच नाही कुणी’ यांत जेवढा फरक, तेवढाच.

तेव्हा नकार मोजू नका. एका क्रियापदाभोवती ‘नॉन’ आणि त्याच्या मागे असे दोन-तीन नकारी शब्द असतील तर ते मिळून एकच ‘नाही’ होतं. ‘नॉन दीचे माइ निएन्ते आ नेस्सुनो’ या वाक्यात चार नकारी शब्द आहेत, आणि मराठीत ते ‘तो कधीच कुणाला काही सांगत नाही’ एवढंच आहे. आपल्या भाषेत कधीच, कुणाला, काही हे शब्द नकाराच्या सोबतीला आपसूक बसतात, म्हणून मराठीला हे जमवून घेणं इंग्रजीपेक्षा सोपं जातं.

खरा दुहेरी नकार वेगळा असतो, आणि तो ओळखायची खूण अशी की ‘नॉन’ स्वतःच दोनदा येतो, दोन वेगळ्या क्रियापदांवर. ‘नॉन पोस्सो नॉन आंदारे’ म्हणजे ‘न जाणं मला शक्य नाही’, म्हणजेच ‘मला जावंच लागेल’. इथे दोन नकार एकमेकांना खरोखर कापतात. ‘नॉन ए के नॉन वोल्यो’ म्हणजे ‘मला नको आहे असं नाही’. याचं ‘मला हवं आहे’ असं सरळ करून टाकू नका. बोलणाऱ्यानं मुद्दाम आढेवेढे घेतले आहेत, ते मराठीत जसेच्या तसे राहतात. ‘असं नाही’ ही आपली सोय त्यासाठीच आहे.

या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. ‘नॉन’ दिसतो, पण नकार नसतो. ‘फिंके नॉन आर्रीवा’ याचा अर्थ ‘तो येईपर्यंत’. इंग्रजी शिकवणारे मास्तर आपल्याला ‘अनटिल ही डजन्ट कम’ लिहिलं म्हणून ओरडायचे ना? ती चूक आपण का करायचो? कारण मराठीत आपण ‘तो येत नाही तोपर्यंत’ म्हणतो, आणि त्यातही नकार आहे पण अर्थानं नाही. इटालियन माणूस अगदी तसंच बोलतो. त्याचं वाक्य सरळ मराठीत आणलं तर हा ‘नॉन’ आपल्या ‘येत नाही तोपर्यंत’मध्ये अलगद बसतो. घोळ तेव्हाच होतो, जेव्हा मधे इंग्रजी येतं आणि माणूस तो ‘नॉन’ घालू की काढू या विचारात पडतो. ‘पेर पोको नॉन कादेवो’ हाही तसाच, म्हणजे ‘मी पडता पडता वाचलो’. ‘थोडक्यासाठी मी पडलो नाही’ असं केलं तर अर्थ कळतो खरा, पण तसं मराठीत कुणी बोलत नाही.

आणखी एक धोक्याची जागा म्हणजे प्रश्न. दार ठोठावून इटालियन माणूस विचारतो, ‘चे नेस्सुनो?’ हे ‘कुणी आहे का?’ असं आहे. ‘कुणी नाही का?’ असं भाषांतर केलं तर आवाजात आश्चर्य येतं, आणि ते मुळात नाही.

शेवटी ‘मीका’. हा शब्द नकाराला चिकटतो. शब्दकोश त्याला ‘अजिबात’ म्हणतात, पण त्याचा खरा जोडीदार आपला ‘काही’ आहे, तोही ‘मी काही वेडा नाही’ मधला. ‘नॉन सोनो मीका पात्सो’ म्हणजे नेमकं हेच. ‘मी अजिबात वेडा नाही’ म्हटलं तर जणू डॉक्टरांनी तपासून दाखला दिलाय. समोरच्यानं तसं गृहीत धरलंय आणि मी ते खोडतोय, हा ‘मीका’चा भाव ‘काही’मध्ये पुरेपूर उतरतो. प्रश्नात आला तर ‘ना’ वापरा. ‘नॉन आइ मीका ऊना पेन्ना?’ म्हणजे ‘तुझ्याकडे पेन नसेल ना रे?’

आता ‘ची’ आणि ‘ने’कडे येऊ. रोमन लिपीत पहिला सी-आय असा लिहितात, दुसरा एन-ई असा. ‘ने’ वाचताना आधी त्या ई-वर तिरकी रेघ आहे का ते बघा. रेघ असेल तर तो वेगळाच शब्द आहे, ‘ना हे ना ते’ मधला ‘ना’. ‘ने पाने ने आक्वा’ म्हणजे ‘ना भाकरी ना पाणी’. रेघ नसेल तर ते आपलं सर्वनाम. ईमेल लिहिणारे घाईत रेघ गाळतात, म्हणून दोनदा आलाय की एकदा तेही बघावं. जोडीनं आला आणि दोन्हींपुढे नामं असली तर तो बहुधा ‘ना… ना’ असतो.

‘ची’ची तीन वजनं आहेत. एक म्हणजे ‘तिथे’. दुसरं, ‘त्यावर, त्याच्याशी, त्यात’, म्हणजे आधी बोललेल्या गोष्टीकडे बोट. तिसरं, ‘आम्हाला’. आणि काही क्रियापदांना तो असा चिकटतो की वेगळा अर्थच उरत नाही. ‘ची वुओले’ म्हणजे लागतं, ‘ची मेत्तो’ म्हणजे मला (इतका वेळ) लागतो. इटालियनमध्ये यांत फरक आहे. पहिल्यात कामाला लागणारा वेळ किंवा वस्तू, दुसऱ्यात माणसाला लागणारा वेळ. मराठीत दोन्हीकडे ‘लागणे’च, फक्त ‘मला’ घालायचा की नाही एवढाच प्रश्न. तो ‘मला’ विसरलात तर ‘मला दोन तास लागतात’चं ‘दोन तास लागतात’ होतं, आणि कारागिराच्या संथपणाचा दोष कामाच्या माथी जातो.

‘नॉन लो वेदो’ म्हणजे ‘तो मला दिसत नाही’. ‘नॉन ची वेदो’ म्हणजे ‘मला दिसतच नाही’, अंधार आहे किंवा डोळे गेलेत. त्या एवढ्याशा ‘ची’मुळे वस्तूची बाब दृष्टीची होते. परदेशात दवाखान्यात कुणी वडीलधाऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करत असेल तर हा फरक जपावा.

‘आम्हाला’वाल्या ‘ची’मध्ये मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, इटालियनमध्ये नाहीत. पुरवठादार लिहितो, ‘ची कोन्व्येने आस्पेत्तारे’, म्हणजे थांबणं सोयीचं. पण कुणाच्या? ‘आमच्या’ लिहिलंत तर पुरवठादार स्वतःचा फायदा बघतोय, ‘आपल्या’ लिहिलंत तर दोघांचा. मूळ वाक्य याचं उत्तर देत नाही, आजूबाजूची वाक्यं देतात. इंग्रजीतून आलात तर ‘अस’ हा शब्दही मुका आहे. तेव्हा आधीचं-नंतरचं वाचून ठरवा, आणि तरी ठरत नसेल तर पत्र पाठवून विचारा. असं विचारण्यात कमीपणा नाही.

‘ने’ म्हणजे ‘त्यातले, त्याचं, त्याबद्दल, तिथून’. मंडईत विचारतात, किती हवीत? ‘ने वोल्यो त्रे’, म्हणजे ‘तीन द्या’. मराठीत ‘त्यातली’ म्हणायची गरज नाही, कारण आपण ते सांगितल्याशिवाय समजून घेतो. म्हणजे ‘ने’ कधी गाळायचाच असतो. मग गाळू नका असं मी का म्हणतो? कारण गाळण्याआधी तो कशाचा होता हे कळलं पाहिजे. ते कळून गाळलात तर मराठी सहज होतं, न कळता गाळलात तर वाक्य लंगडं होतं. ‘ने पार्ल्यामो दोमानी’ मधला ‘ने’ गाळला तर ‘उद्या बोलू’ उरतं. मूळ वाक्य म्हणतं ‘त्याबद्दल उद्या बोलू’, म्हणजे हा विषय आज बंद. त्यात तंबी आहे. ‘उद्या बोलू’मध्ये नुसता निरोप आहे. ‘मे ने वादो’ मधला ‘ने’ तर क्रियापदाचा स्वभावच पालटतो. ‘वादो’ म्हणजे जातो, ‘मे ने वादो’ म्हणजे निघतो, इथून जातो. ‘जातो’ आणि ‘निघून जातो’ यांतलं अंतर मराठीला चांगलं ठाऊक आहे.

आता एक पत्र घेऊन सगळं लावून बघू. हे पत्र मी नमुन्यादाखल रचलंय, पण असली पत्रं येतात. कारखान्यानं बेल्ट (इटालियनमध्ये ‘चिंग्ये’, स्त्रीलिंगी अनेकवचन) आणि बेअरिंग (‘कुशिनेत्ती’, पुल्लिंगी अनेकवचन) या दोन्हींची चौकशी केली आहे. उत्तर येतं:

‘नॉन चे ने सोनो प्यू. ने आब्ब्यामो ओर्दिनाते वेन्ती, मा ची वोल्योनो त्रे सेत्तिमाने. नॉन ले स्पेदिरेमो फिंके नॉन ची आर्रीवा ला वोस्त्रा कोन्फेर्मा. नॉन ए के नॉन वोल्यामो आयुतार्वी: आल्ला दोगाना ची पेन्स्यामो नोई.’

पहिलं वाक्य. ‘ची’च्या पुढे ‘ने’ आला की ‘ची’चा ‘चे’ होतो. म्हणून ‘चे ने’ म्हणजे ‘ची’ आणि ‘ने’ दोन्ही. ‘प्यू’ नकाराबरोबर आला की ‘आता उरलं नाही’ असा अर्थ. ‘नाहीत’ एवढंच लिहिलं तर कधीच नव्हते असं वाटेल. ‘संपलेत’ किंवा ‘आता शिल्लक नाहीत’ हे बरोबर.

दुसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. ‘आम्ही वीस मागवलेत.’ वीस काय? बेल्ट की बेअरिंग? इंग्रजीत ‘वी हॅव ऑर्डर्ड ट्वेंटी’ वाचून स्टोअरवाला बेअरिंगही येतायत असं समजेल आणि तीन आठवडे वाट बघत बसेल. पण इटालियनमध्ये ‘ने’ आला की पाठीमागचं धातुसाधित ‘ने’ ज्याचा आहे त्याच्या लिंगाला जुळतं. बेअरिंग असती तर ‘ओर्दिनाती’ झालं असतं. ‘ओर्दिनाते’ आहे, म्हणजे स्त्रीलिंगी, म्हणजे फक्त बेल्ट. एका शेवटच्या स्वरात सगळा हिशेब आहे. आणि मराठीचं नशीब बघा, आपल्याकडेही क्रियापद कर्माला जुळतं. बेल्ट असतील तर ‘वीस मागवले’, बेअरिंगं असती तर ‘वीस मागवली’. लिंग दोन्ही भाषांत उलटसुलट आहे, पण तो जुळण्याचा धर्म सारखाच. तरी कामाच्या कागदावर मी एवढ्यावर थांबत नाही. ‘बेल्ट वीस मागवले आहेत’ असं नाव घालून मोकळा होतो. कारण वाचणारा ‘मागवले’ आणि ‘मागवली’ यांवर डोळे रोखून बसणार नाही. आणि बेअरिंगांचं काय, हा प्रश्न उलट टपालानं लगेच विचारायला हवा, हेही आत्ताच कळलं.

‘ची वोल्योनो त्रे सेत्तिमाने’ म्हणजे तीन आठवडे लागतील. इथला ‘ची’ क्रियापदाला चिकटलेला आहे, त्याचा ‘आम्हाला’ करू नका.

तिसऱ्या वाक्यात दोन ‘नॉन’ आहेत. पहिला खरा, ‘पाठवणार नाही’. दुसरा ‘फिंके’च्या मागचा, म्हणजे ‘येत नाही तोपर्यंत’मधला. आणि ‘ची आर्रीवा’ मधला ‘ची’ मात्र खरोखर ‘आमच्याकडे’. दोन ओळींत ‘ची’नं असं रूप बदललं. ‘तुमचं पक्कं उत्तर आमच्याकडे येत नाही तोपर्यंत आम्ही ते पाठवणार नाही.’ हे वाक्य कुणी ‘उत्तर आलं नाही तर पाठवतो’ असं वाचलं तर उत्तर द्यायचं राहून जाईल आणि माल तिकडेच पडून राहील.

चौथं. ‘तुम्हाला मदत करायची नाही असं नाही.’ खरा दुहेरी नकार. आणि शेवटी ‘आल्ला दोगाना ची पेन्स्यामो नोई’. ‘दोगाना’ म्हणजे कस्टम. ‘ची’ त्या कस्टमकडेच पुन्हा बोट दाखवतो, म्हणून इथे तो वेगळा आणायची गरज नाही. ‘आम्ही कस्टमचा विचार करतो’ हे शब्दशः झालं आणि चुकीचं झालं. त्यांनी जबाबदारी घेतली आहे. ‘कस्टमचं आम्ही बघतो.’ शेवटचा ‘नोई’ जोरासाठी आहे, म्हणजे ‘आम्ही’, तुम्ही नव्हे. ‘कस्टमचं बघू’ लिहिलंत तर तो जोर गेला आणि उद्या न्हावा-शेव्याला पेटी अडकली की कुणी सोडवायची यावर वाद.

सगळं मिळून असं होतं: ‘माल आता शिल्लक नाही. बेल्ट वीस मागवले आहेत, पण तीन आठवडे लागतील. तुमचं पक्कं उत्तर आमच्याकडे येत नाही तोपर्यंत आम्ही ते पाठवणार नाही. मदत करायची नाही असं नाही. कस्टमचं आम्ही बघतो.’ साध्या मराठीत पाच ओळी, आणि एकही ‘ची’ किंवा ‘ने’ वाया गेलेला नाही.

मराठीला इटलीची ओळख झाली ती बरीचशी इंग्रजीच्या वाटेनं. सावरकरांनी लंडनमध्ये मॅझिनीचं लेखन मराठीत आणलं, ते 1907 मध्ये छापून आलं, आणि तेही मॅझिनीच्या इंग्रजी आवृत्तीवरून. त्या काळात तोच मार्ग हाताशी होता, आणि त्या पुस्तकाचं काम वेगळं होतं. आज मूळ मजकूर समोर असताना त्याच वळणानं जाण्याचं कारण नाही. इंग्रजी भाषांतर करणारी यंत्रं आणि माणसं ‘ने’ सर्रास पोटात घालतात, कारण इंग्रजीत त्याला सहज जागा मिळत नाही. मराठीत जागा आहे.

म्हणून विनंती एवढीच. इटालियन कागद हाती आला की पेन्सिल घ्या. प्रत्येक नकारी शब्दाच्या खाली रेघ मारा, आणि ज्या क्रियापदाला तो लागतो तिथपर्यंत ओढा. दोन रेघा एकाच क्रियापदावर संपल्या तर एकच ‘नाही’ लिहा. वेगवेगळ्यांवर संपल्या तर दोन्ही नकार तपासा, ‘फिंके’ पाठीशी असेल तर त्याच्या मागचा ‘नॉन’ वेगळा नकार म्हणून मोजू नका. मग प्रत्येक ‘ची’ आणि ‘ने’ला गोल करा आणि समासात लिहा: कशाचा? कुठे? कुणाला? उत्तर मिळत नसेल तर ते वाक्य अजून समजलेलं नाही. आणि भाषांतर पूर्ण झाल्यावर मूळ इटालियन ओळी त्याच कागदावर खाली ठेवा, फाडून टाकू नका. सही करणाऱ्याला आकडे, तारखा आणि नकार मुळाशी ताडून बघता आले पाहिजेत.